पासकी, फोनचं लॉक आणि ओटीपी: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्णी, घाटंजी, दारव्हा या पट्ट्यात ऑनलाइन पैसे देण्याचा विषय निघाला की आता ओटीपीसोबत ‘बोट लावून पेमेंट’ हाही विषय निघतो. लोक जसे विचारतात तसेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोम तिथेच आहे.

ओटीपी बंद होणार म्हणतात. खरं काय?

बंद होणार नाही. एवढंच की ओटीपी हा एकमेव रस्ता राहणार नाही.

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल पेमेंटच्या पडताळणीचे निर्देश काढले. ते लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात म्हटलं आहे की पैसे देताना किमान दोन वेगवेगळ्या पुराव्यांनी माणूस ओळखायचा. पुरावे तीन प्रकारचे असू शकतात: तुमच्याजवळ असलेली वस्तू, तुम्हालाच माहीत असलेली गोष्ट, किंवा तुमचं बोट, चेहरा असं शरीराचं काही. दोनपैकी किमान एक पुरावा त्या व्यवहारापुरताच आणि दर वेळी नवा असला पाहिजे. दुकानात मशीनवर कार्ड लावताना ही शेवटची अट नाही.

हा नवा पुरावा एसएमएसनेच आला पाहिजे असं निर्देशांत कुठेही नाही. तो एसएमएसने येऊ नये असंही नाही. त्यामुळे बँका ओटीपी ठेवतील आणि शेजारी दुसरे मार्ग देतील. पासकी, म्हणजे फोनच्या लॉकनेच पेमेंट मंजूर करायची सोय, त्यातला एक.

पासकीने पैसे देताना फोनमध्ये नेमकं होते काय?

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. समजा, आर्णी तालुक्यातले एक काका फवारणीचा बॅटरी पंप ३,२०० रुपयांना ऑनलाइन मागवतात आणि डेबिट कार्डाने पैसे देतात.

पहिल्या वेळी सगळं जुन्यासारखंच होते. कार्डाचा नंबर टाकला, बँकेचा ओटीपी आला, तो भरला. पैसे गेल्यावर स्क्रीनवर विचारणा येते की पुढच्या वेळी ओटीपीऐवजी पासकी वापरायची का. काका ‘हो’ म्हणतात आणि फोन नेहमी उघडतात तसं बोट लावतात. त्याच क्षणी फोन दोन लांबलचक आकडे तयार करतो. एक आकडा गुप्त असतो आणि फोनच्या सुरक्षित साठ्यात ठेवला जातो. दुसरा आकडा उघड असतो. तो कार्ड कंपनीकडे किंवा बँकेकडे जातो आणि काकांच्या कार्डाशी जोडला जातो. उघड आकड्यावरून गुप्त आकडा शोधून काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तो कोणी पाहिला तरी बिघडत नाही.

महिनाभराने काका त्याच पंपाचं नोझल मागवतात, ३४० रुपयांचं. आता बँकेच्या बाजूने फोनकडे एक नवी, कधीही न वापरलेली संख्या येते. स्क्रीनवर दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते. काका बोट लावतात. फोन आतल्या आत तपासतो की हे बोट नोंदवलेलं आहे का, आणि असलं तर गुप्त आकडा वापरून त्या नव्या संख्येवर गणिती सही करतो. सही बँकेकडे जाते. बँक आपल्याकडच्या उघड आकड्याने ती जुळवून पाहते आणि पैसे सुटतात. बँकेच्या काउंटरवर जुन्या नमुना सहीशी तुमची सही ताडून बघतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे दर वेळी सही वेगळी निघते, म्हणून कालची सही चोरून आज वापरता येत नाही.

दोन पुरावे कुठे आले? ज्या फोनमध्ये गुप्त आकडा आहे तो फोन हा एक. तो उघडणारं बोट, चेहरा किंवा फोनचा पिन हा दुसरा. या सगळ्यात टाइप करावा लागेल किंवा फोनवर कोणाला वाचून दाखवता येईल असा एकही आकडा काकांच्या हातात आला नाही.

पासकी ज्या एफआयडीओ मानकांवर उभी आहे, त्यांचा वेबसाठीचा भाग २०१९ मध्ये अधिकृत मानक झाला. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती आपापल्या फोन-संगणकांत आणायचं ठरवलं. कार्ड पेमेंटसाठी मास्टरकार्डने ऑगस्ट २०२४ मध्ये ही सेवा जगात सगळ्यात आधी भारतात आणली. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन असला आणि त्याला स्क्रीन लॉक लावलेलं असलं की पासकी बनवता येते. आयफोनला आयओएस १६ लागते. मात्र तुमची बँक आणि तुम्ही खरेदी करता ते दुकान या दोघांनी ती सोय दिली असली तरच पर्याय दिसेल. आज बऱ्याच ठिकाणी तो दिसत नाही.

माह्या बोटाचा ठसा बँकेत जाते काय? आधारच्या मशीनसारखा?

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे अंगठा म्हटलं की आधी आधारच आठवतो.

बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता तेव्हा ठसा कुलूपबंद होऊन आधारच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथे साठवलेल्या ठशाशी जुळवला जातो. म्हणजे ठसाच तुमचा पुरावा असतो, मशीन कोणाचंही चालतं. म्हणूनच जमिनीच्या खरेदीखतावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवायचे आणि खात्यातून पैसे काढायचे, असे गुन्हे देशात घडले.

पासकीत ठसा फोनच्या बाहेर पडत नाही. फोन फक्त स्वतःपुरता ‘ओळख पटली’ असं ठरवतो आणि सही करतो. बँकेकडे सही जाते, ठसा नाही. कोणी तुमचा नकली अंगठा बनवला तरी त्याला आधी तुमचा तोच फोन हातात घ्यावा लागेल.

यावरून एक गोष्ट वेगळी सांगतो. पासकी घेतली म्हणून आधारवरची चोरी थांबत नाही, ते दोन निराळे दरवाजे आहेत. अंगठ्याने पैसे काढायची गरज क्वचितच पडत असेल तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते आणि लागेल तेव्हा उघडता येते.

‘वीज कापली जाईल’ असा मेसेज आला आणि लिंक दाबली, तर पासकी वाचवते काय?

बहुतेक वेळा हो. पण कशी वाचवते ते कळलं तरच ती कुठे वाचवणार नाही हेही कळेल.

हा मेसेज विदर्भात अनेकांनी पाहिला असेल: मागच्या महिन्याचं बिल जमा झालं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला. बोलणारा माणूस म्हणतो, दहा रुपये भरून खातं अपडेट करा, आणि लिंक पाठवतो. पान महावितरणसारखंच दिसतं, पण पत्ता mahadiscom.in नसतो. तुम्ही कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरता. ते थेट चोराच्या स्क्रीनवर उमटतात. तो त्याच मिनिटाला एखाद्या खऱ्या दुकानात चाळीस हजारांचा फोन निवडतो आणि तुमचं कार्ड टाकतो. तुमच्याकडे खऱ्या बँकेचा खरा ओटीपी येतो. मेसेजमध्ये चाळीस हजार लिहिलेलं असतं, पण माणूस वीज जाण्याच्या घाईत असतो आणि फक्त सहा आकडे वाचतो. ते आकडे नकली पानावर भरले की खेळ संपला.

आता तेच कार्ड पासकीवर आहे असं समजा. खरं दुकान पासकी मागतं, पण मागतं ते चोराच्या यंत्रावर. तुमचा गुप्त आकडा तिथे नाही, तो तुमच्या फोनमध्ये आहे. चोर तुम्हाला ‘आलेला नंबर सांगा’ म्हणू शकत नाही, कारण नंबर आलेलाच नाही. मग त्याने नकली पानावरच पासकीची मागणी दाखवली तर? पासकी बनते तेव्हाच ती कोणत्या वेब पत्त्याची आहे हे तिच्यासोबत नोंदलं जातं. पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी फोन ती पासकी पुढे करत नाही. पान कितीही हुबेहूब असू दे. डोळ्यांना फसवता येतं, पण इथे पत्ता फोन स्वतः जुळवतो.

ओटीपी वाचणारे चोरटे ॲपही इथे कुचकामी ठरतात. किसान योजनेच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या, ॲप बसवणाऱ्या एपीके फायलींपैकी बऱ्याच तुमचे एसएमएस गुपचूप दुसरीकडे पाठवतात. एसएमएसच नसेल तर पाठवणार काय?

म्हणजे फसवणूक संपली?

नाही. तीन वाटा उघड्या राहतात.

पहिली, तुम्ही स्वतः मंजूर केलेला व्यवहार. नकली पोलिसाने व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केली आणि घाबरून तुम्हीच पैसे पाठवले, तर बोट तुमचं, फोन तुमचा आणि सहीही खरी. सही कोणाच्या धाकाने झाली हे गणिताला कळत नाही.

दुसरी, फोनचाच ताबा. एखादं ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि बटणं दाबायची, परवानगी मागून बसलं किंवा कोणी तुम्हाला स्क्रीन शेअर करायला लावलं, तर तुम्हाला वेगळंच काही दाखवून बोट लावून घेता येतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली अनोळखी ॲप चालू दिसलं तर ते बंद करा आणि काढून टाका.

तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि म्हणूनच वाईट: मागच्या दाराने येणारा ओटीपी. पासकी चालली नाही तर बहुतेक ठिकाणी ‘दुसऱ्या मार्गाने पडताळणी करा’ असा पर्याय असतो आणि तो एसएमएसकडे नेतो. चोर तोच दाबतो. पासकी कितीही पक्की असली तरी जोवर हा मागचा दरवाजा आहे तोवर तुमची सुरक्षा त्या दरवाजाइतकीच. तो बंद करणं ग्राहकाच्या हातात नाही, बँकेच्या हातात आहे. ओळखायची खूण मात्र तुमच्याकडे आहे. एखाद्या ठिकाणी नेहमी बोट लावून पैसे जातात आणि आज तिथेच अचानक ओटीपी मागितला, किंवा तुम्ही काही घेत नसताना ओटीपी आला, तर थांबा आणि पानाचा पत्ता व मेसेजमधली रक्कम पूर्ण वाचा. अनेकदा कारण साधं निघतं, जसं फोन बदललेला असतो किंवा ब्राउझर वेगळा असतो. पण तपासल्याशिवाय भरू नका.

घरात एकच मोठा फोन आहे. पोट्ट्याचंही बोट त्यातच आहे. चालते ना?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, कारण शहरातल्या लेखांत हा मुद्दा येतच नाही.

पासकी माणसाला ओळखत नाही. ती एवढंच विचारते की फोन उघडण्याचा हक्क असलेल्या कोणी मंजुरी दिली का. त्या फोनमध्ये चार जणांची बोटं नोंदवली असतील तर ते चौघेही तुमच्या कार्डाने पैसे देऊ शकतात. फोनचा पिन किंवा पॅटर्न माहीत असलेला पाचवाही देऊ शकतो, कारण बोट जुळलं नाही की फोन स्वतःच पिन मागतो. बँकेच्या लेखी पाचही वेळा सही तुमचीच असते.

आता गावातल्या फोनचा हिशोब करा. अनलॉक करायला सोपं जावं म्हणून मुलाचं, सुनेचं बोट घातलेलं असतं. इंग्रजी ‘एल’सारखा पॅटर्न घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही येतो. मोबाइल दुरुस्तीला दिला की दुकानदार पिन विचारतो आणि आपण चिठ्ठीवर लिहून देतो. पीकविम्याचा अर्ज भरायला सेवा केंद्रात गेलो की फोन उघडून काउंटरवर ठेवतो. आतापर्यंत यात फोटो आणि व्हॉट्सॲप एवढाच धोका होता. ओटीपीच्या काळातही फोन हातात असलेला माणूस ओटीपी वाचू शकत होताच, पण त्याला कार्डाचे आकडे किंवा यूपीआय पिन वेगळा लागायचा. पासकीत कार्ड दुकानाच्या ॲपमध्ये आधीच जोडलेलं असतं, त्यामुळे फोनचं लॉक हेच शेवटचं कुलूप उरतं.

म्हणून पासकी घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फिंगरप्रिंटची यादी बघा. ‘फिंगर १, फिंगर २’ अशी नावं असतात. एकेक बोट लावून बघितलं की बऱ्याच फोनमध्ये त्याचं नाव क्षणभर उजळतं. ज्याचं कळत नाही ते काढून टाका आणि आपली दोन बोटं नव्याने घाला. पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवा, आणि तो यूपीआय पिन, एटीएम पिन किंवा जन्मसाल नको. घरच्यांना फोन लागतोच, तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये दुसरा वापरकर्ता किंवा पाहुण्यांसाठी वेगळी जागा उघडता येते. तिथून तुमची पासकी दिसत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्या घरात फोन खरोखरच सगळ्यांचा आहे आणि तो तसाच राहणार आहे, त्या घराने कार्डाची पासकी घेऊ नये. यूपीआय पिन एकट्याच्या डोक्यात ठेवणं तिथे जास्त बरं.

बँकांची स्वतःची ॲपं या बाबतीत अनेकदा कडक असतात. फोनमध्ये नवीन बोट घातलं की ती बायोमेट्रिक बंद करून पुन्हा पिन मागतात. असं झालं तर चिडू नका. नवीन बोट तुम्ही घातलंच नसेल, तर मात्र घरात विचारा.

यूपीआयलाही हेच लागू होते काय?

यूपीआयने पैसे देताना मुळात ओटीपी नव्हताच. ॲप पहिल्यांदा चालू करताना तुमच्या सिममधून एक एसएमएस जातो आणि फोन खात्याशी जोडला जातो. हा पहिला पुरावा. दुसरा, यूपीआय पिन. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने पिनऐवजी फोनवरचं बोट किंवा चेहरा वापरायची सोय जाहीर केली. सुरुवातीला एका व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंत, आणि तुम्ही स्वतः चालू केली तरच. तांत्रिक अंगाने ती पासकीसारखीच आहे: गुप्त आकडा फोनमध्ये, सहीची तपासणी बँकेकडे. नको असेल तर ॲपमध्ये जाऊन बंद करता येते आणि पिन पूर्वीसारखाच चालतो.

आठवडी बाजारात पिन टाकताना मागचा माणूस बघतो, त्या जागी बोट बरं. घरात बोटं वाटलेली असतील तर पिन बरा.

कापूस वेचून, फवारणी करून बोटं घासली. मशीन घेतच नाही. मग?

आधारच्या मशीनवर अडलेल्याला फोनवरही अडेलच असं नाही. आधारला वर्षांपूर्वी घेतलेल्या ठशाशी आजचं बोट जुळवायचं असतं. फोनमध्ये तुम्ही आजचंच बोट घालू शकता आणि पुढच्या हंगामात काढून नव्याने घालू शकता. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून नोंदवा. काही फोनमध्ये एकच बोट दोनदा नोंदवता येतं, त्याने ओळख सुधारू शकते. अंगठ्यापेक्षा डाव्या हाताचं मधलं बोट कमी झिजलेलं असू शकतं, तेही करून बघा.

तरीही नाही जमलं तर काळजी नको. पासकीला बोटच पाहिजे असं नाही, फोनचा पिन टाकूनही ती चालते. कमी किमतीच्या फोनमध्ये चेहऱ्याने लॉक उघडतं, पण पेमेंटसाठी तो चेहरा चालत नाही असं दिसलं तर फोन बिघडलेला नाही. साध्या कॅमेऱ्याची ओळख पुरेशी पक्की नसते, म्हणून फोन तिथे पिन मागतो.

आमच्याकडे रेंज नाही. मेळघाटात, भामरागडकडे काय फायदा?

फायदा आहे, पण अर्धा. पासकीला इंटरनेट लागतंच. फक्त एसएमएस लागत नाही. धारणीच्या पलीकडे किंवा एटापल्लीकडे ओटीपी पाच मिनिटांनी येतो आणि तोवर पानाची मुदत संपलेली असते, ही तिथली नेहमीची रड. पुन्हा पाठवा म्हटलं की दोन ओटीपी सोबतच येतात आणि पहिला टाकला तर चुकीचा ठरतो. पासकीत वाट बघायचं काही नाही. ग्रामपंचायतीचं वायफाय चालू असेल आणि सिमला टॉवर नसेल, तरी कार्डाचं पेमेंट मंजूर करता येतं. रिचार्ज संपून एसएमएस थांबले असतील तरीही.

नेट अधूनमधून तुटत असेल तर मात्र एक करा. बोट लावल्यावर पान गोल फिरत राहिलं, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा.

सेवा केंद्रातल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर पासकी वापरू शकतो काय?

वापरता येते, पण तिथे पासकी बनवू नका. संगणकाने ‘या डिव्हाइसवर जतन करा’ विचारलं आणि हो म्हटलं, तर गुप्त आकडा त्या संगणकात राहील आणि त्याचा पिन केंद्रचालकाला माहीत आहे.

बरोबर रीत अशी की संगणकावर ‘फोन वापरा’ निवडायचं, क्यूआर दिसेल तो आपल्या फोनने स्कॅन करायचा आणि बोट आपल्याच फोनवर लावायचं. दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं. ही अट मुद्दाम आहे: फोन त्या संगणकाच्या जवळ आहे हे त्यावरून कळतं. त्यामुळे शेकडो मैलांवरच्या चोराने व्हॉट्सॲपवर क्यूआरचा फोटो पाठवला आणि तुम्ही स्कॅन केला, तरी त्याच्या संगणकावर पासकी चालणार नाही.

फोन बाजारात हरवला तर? आणि नवीन फोन घेतला तर?

हरवलेला फोन लॉक असेल तर सापडणाऱ्याला पासकी वापरता येत नाही. पण पिन कोणी पाहिला असेल हे गृहीत धरूनच चाला. सगळ्यात आधी दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कॉल करून कार्ड आणि यूपीआय थांबवा. मग सिम बंद करा. त्यानंतर android.com/find वर आपल्या गूगल खात्याने जाऊन फोन लॉक करा किंवा पुसून टाका. पोलिसांत तक्रार दिली की तिची प्रत घेऊन sancharsaathi.gov.in वर फोनच बंद पाडता येतो. त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ते बिघाड नाही, सिम बदलून होणाऱ्या चोरीसाठी लावलेला अटकाव आहे.

नवीन फोनवर काय होईल हे पासकी कशी बनली त्यावर आहे. काही पासकी गूगल किंवा ॲपलच्या खात्यात कुलूपबंद जतन होतात. त्याच खात्याने नवीन फोन चालू केला आणि जुन्या फोनचा लॉक पिन टाकला की त्या परत येतात. बँकांच्या काही पासकी मात्र त्या एका फोनलाच बांधलेल्या असतात. तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यात एकदा ओटीपी येतोच. जुना फोन विकण्याआधी तो पूर्ण रिसेट करा. नुसतं सिम काढून पाहुण्याला दिलेल्या फोनमध्ये तुमच्या पासकी तशाच असतात.

मुलाने दुकानात गूगल खातं काढून दिलं आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही, अशी घरं खूप आहेत. जतन झालेल्या पासकी त्याच खात्याला टांगलेल्या असतात. खातं आधी ताब्यात घ्या, पासकीचं नंतर बघा.

साधा बटणांचा फोन आहे. मले काही करावं लागते काय?

काही नाही. पासकी तुमच्या फोनसाठी नाही. *99# आणि यूपीआय १२३पे पिनवरच चालतात.

पैसे गेले, आणि बँक म्हणते ‘बोट तर तुमचंच लागलं’. मग?

हे वाक्य पुढे बरंच ऐकू येईल, म्हणून नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे अनधिकृत व्यवहारात चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत कुठेतरी आहे, तेव्हा बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तोटा तुमच्यावर येत नाही. तुम्हीच गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. २०२५ च्या निर्देशांनी आणखी एक भर घातली: बँकेने ते निर्देश पाळले नाहीत आणि त्यामुळे नुकसान झालं, तर पूर्ण भरपाई बँकेने द्यायची.

म्हणून लेखी तक्रारीत नुसतं ‘पैसे गेले’ लिहू नका. व्यवहार पासकीने झाला की ओटीपीने, पासकी कोणत्या दिवशी आणि कोणत्या फोनवर नोंदवली गेली, हे बँकेला विचारा. तुम्ही कधी बनवलीच नाही अशी पासकी त्यात निघाली, तर कोणीतरी आधी ओटीपी मिळवून आपल्या फोनवर ती बनवली आहे, आणि मग ‘बोट तुमचंच’ हा दावा टिकत नाही. व्यवहार तुमच्याच फोनवरून झालेला निघाला, तर बोटांची यादी आणि घरातली माणसं यांच्याकडे वळावं लागेल, आणि घरच्याच माणसाने वापरलेले पैसे बँकेकडून परत मिळणं अवघड आहे.

चोरी असेल तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यात अडकलेले असतानाच गोठवता येतात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. तिथल्या मदतीसाठी १४४४८ हा नंबर आहे.